पाचव्या पानावरची माणसं

शनिवारी सकाळी दहाला माझा अरबीचा वर्ग असतो. विद्यार्थी सात, पंखा एक, आणि फळा इतका गुळगुळीत की खडू घसरतो. मी तीस वर्षं कोर्टाची मान्यताप्राप्त अनुवादक आहे. शिकवण्याची हौस मला कधीच नव्हती, पण गुरुजींची नजर अधू झाली आणि त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. मुलांच्या मते मी खाष्ट आहे. त्यांचं काही चुकत नाही.

त्या शनिवारी मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पहिलं, ‘हदर अल्-मुअल्लिमून.’ दुसरं, ‘अल्-मुअल्लिमून हदरू.’ दोन्हींचा अर्थ एकच, शिक्षक हजर झाले. आपला ‘हजर’ याच कुळातला, असं सांगितल्यावर मागच्या बाकावरचा ट्रॅव्हल एजंट उगाचच ‘हजर’ म्हणाला आणि सगळे हसले.

"हसून झालं असेल तर इकडे बघा," मी म्हणाले. "दुसऱ्या वाक्यात शिक्षक आधी आले, म्हणून क्रियापदाला अनेकवचनाचं शेपूट लागलं, हदरू. पहिल्यात क्रियापद आधी आलंय. तिथे नुसतं हदर, एकवचन. मागून शिक्षक एक येवो की पन्नास."

"असं का, बाई?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. एकवीसेक वर्षांची मुलगी, चार महिन्यांत एकदाही गैरहजर नाही, आणि बोलणं असं मोजूनमापून.

गुरुजी सांगायचे तेच मी सांगितलं. "क्रियापद घाईत असतं. मागून किती जण येतायत ते मोजायला थांबत नाही. बाई की पुरुष, एवढंच बघून घेतं. आकडा सांगायचं काम मागून येणाऱ्या नावाचं, तो दोनदा कशाला सांगायचा? पण एकदा नाव येऊन गेलं, की पुढच्या क्रियापदांना सुटका नाही, ती अनेकवचनीच. शिक्षक हजर झाले आणि बसले, तर हदर एकवचन आणि बसले अनेकवचन. एकाच वाक्यात."

"आणि मागून नावच आलं नाही तर?"

"तर मग तो एकटाच. हदर, तो हजर झाला. आधी ज्याची गोष्ट चालली होती, तोच."

मुलीने मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं. वर्ग सुटला, सगळे गेले, ती बसूनच राहिली. मग तिने पिशवीतून एक प्लॅस्टिकची फाइल काढली आणि दोन झेरॉक्स माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या. हाताने लिहिलेली अरबी, अक्षर वळणदार.

"बाई, चौथ्या पानाची शेवटची ओळ आणि पाचव्याची पहिली. मी चुकत असेन. तुम्ही वाचता का?"

मी चष्मा लावला. चौथं पान असं संपत होतं: ‘कामगारांचा मुकादम आला, टाकीच्या तोंडाशी उभा राहिला. सुम्म फतह अस्-सिमाम.’ मग व्हॉल्व्ह उघडला. कोणी, ते पानावर नव्हतं. पान तिथेच संपलं होतं. पाचवं पान सुरू होत होतं, ‘अल्-मुश्रिफून व लम् यस्अलू अहदन्.’ पर्यवेक्षक, आणि त्यांनी कोणालाही विचारलं नाही.

मी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा दोन्ही ओळी सलग वाचल्या.

पाचव्या पानाच्या सुरुवातीचे पर्यवेक्षक तिथे नुसते उभे होते, त्यांना स्वतःचं क्रियापद नव्हतं. त्यांच्यामागे लगेच ‘आणि’. नाव, आणि लगेच ‘आणि’. पाचव्या पानाला डोकंच नव्हतं. डोकं चौथ्या पानाच्या तळाशी राहिलं होतं. फतह. ‘उघडला’ हे क्रियापद, एकवचनी, कारण ते आधी आलं होतं. व्हॉल्व्ह पर्यवेक्षकांनी उघडला होता, आणि कोणालाही विचारलं नव्हतं.

"हा कागद तुझ्याकडे कुठून आला?"

"बाबांच्या खटल्याचा आहे. ते मुकादम होते."

मला आठवलं. नऊ वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाकी साफ करताना वायू सुटला, आत उतरलेला एक कामगार मेला. वाचलेल्यांत एक परदेशी कामगार होता, त्याच्या देशात शाळामास्तर होता म्हणे. मायदेशी परतण्याआधी त्याने अकरा पानांचा जबाब लिहून दिला. जबाब सोमवारी कोर्टात हवा होता आणि आमच्या कचेरीत आला शुक्रवारी. घाईचं काम आलं की आम्ही पानं वाटून घ्यायचो, ती आमची पद्धतच होती. पहिली चार गुरुजींनी घेतली, उरलेली मी. त्या जबाबावर मुकादमाला तीन वर्षांची शिक्षा झाली.

गुरुजींनी लिहिलं, ‘मुकादम टाकीच्या तोंडाशी उभा राहिला. मग त्याने व्हॉल्व्ह उघडला.’ मी लिहिलं, ‘पर्यवेक्षकांनी कोणालाही विचारले नाही.’ मधला ‘आणि’ मी गाळला. वाक्याच्या सुरुवातीला तो खटकत होता, आणि मला आपलं वाक्य छान दिसायला हवं होतं. दोन्ही तुकडे जोडले तर कुठे शिवण दिसेना. मराठीत ‘त्याने’ की ‘त्यांनी’ हे आपल्याला ठरवावंच लागतं. गुरुजींसमोर ‘त्यांनी’ म्हणायला कोणी माणसंच नव्हती. ती माझ्याकडे होती, पाचव्या पानावर.

"अनुवाद कोणी केला, माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"अनुवादाच्या पाचव्या पानाखाली तुमची सही आहे, बाई. त्यावरूनच तर तुमचा पत्ता शोधला." मुलगी शांतपणे म्हणाली. "चूक शोधायला नव्हते आले. बाबांबद्दल त्या माणसाने काय लिहिलंय, ते त्याच्याच अक्षरात वाचायचं होतं. आज तुम्ही फळ्यावर लिहिलंत तेव्हा..."

चार महिने मी त्या मुलीच्या वहीतल्या काना-मात्रा लाल शाईने खोडत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं.

"पण तुझे वडील म्हणाले नाहीत का, मी उघडला नाही म्हणून?"

"त्यांना आठवतच नाही. टाकीत वाकून बघत होते, वायू नाकात गेला आणि कोसळले. शुद्धीवर आले ते दवाखान्यात. साहेब लोक म्हणाले, तूच उघडलास. बाबांना पटलं नव्हतं. मग जबाब वाचून दाखवला. ते म्हणाले, मास्तर माणूस खोटं कशाला लिहील? लिहिलंय म्हणजे मी उघडला असेन."

मला वाटलं होतं, आपल्या चुकीने एका माणसाला तुरुंगात घातलं. ते तर झालंच होतं, तीन वर्षं. पण त्याच्या डोक्यात एक न घडलेली गोष्टही आम्हीच घातली होती, आणि ती त्याने खरी मानली होती.

तिथून मी थेट गुरुजींकडे गेले. गुरुजी ब्याऐंशी वर्षांचे आहेत, भिंगाशिवाय त्यांना अक्षर दिसत नाही. मी काही न सांगता दोन्ही पानं समोर ठेवली. त्यांनी चौथं वाचलं, भिंग सरकवत पाचव्यावर नेलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"फतह," ते म्हणाले.

"तुम्हाला पाचवं पान दाखवलंच नव्हतं, गुरुजी. ते माझ्याकडे होतं."

"मी मागितलंही नाही." त्यांनी भिंग उलटं करून ठेवलं. "आयुष्यभर पोरांना ओरडून सांगितलं, एकटं क्रियापद दिसलं की पुढे बघा. कागद आण. कोर्टाला लिहून देऊ, आधी मी सही करतो."

"मान्यता जाईल आपली. दोघांचीही."

"ज्याची अब्रू गेली, त्याला भेटून आलीस का?" गुरुजींनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मग मान्यतेचं मला सांगू नकोस."

रविवारी मी मुलीच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दारात चपला नीट लावलेल्या. मुकादम स्वयंपाकघरात बेसिनपाशी उभा होता. दोन्ही हातांना साबण लावलेला, आणि तो तसाच वाट बघत होता. मुलगी पुढे झाली आणि नळ उघडला. त्याने हात धुतले, तिने नळ बंद केला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"तुरुंगातून आल्यापासून असंच," मुलीची आई मला हळूच म्हणाली. "नळ उघडत नाहीत, गॅसला हात लावत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी दोन्ही पानं टेबलावर शेजारी ठेवली. आधी अरबी वाचलं, मग मराठीत सांगितलं. क्रियापद आधी आलं की एकवचनात का राहतं, तेही सांगितलं. हदर सांगितलं, फतह सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही. तुम्ही नुसते उभे होता, असं लिहिलंय. उघडला पर्यवेक्षकांनी."

"किती जण होते?"

"क्रियापदावरून कळत नाही. नावावरून कळतं. अरबीत दोघांसाठी वेगळं रूप असतं, दोघे असते तर ते आलं असतं. हे तीन तरी, किंवा जास्त."

"तीन तरी," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "जो गेला, त्याच्या घरी मी जाऊन आलो गं. त्याच्या म्हाताऱ्या आईपुढे डोकं टेकलं. म्हटलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ती मला बसा म्हणाली, पाणी दिलं. मागच्या वर्षी तीही गेली."

तो पुन्हा माझ्याकडे वळला. रागावेल म्हणून मी तयार होते, रागावला असता तर बरंच झालं असतं.

"बाई, ही दोन पानं तेव्हा अशी शेजारी ठेवली नव्हती का कोणी?"

"नाही," मी म्हणाले. "नाही ठेवली."

"अच्छा," तो म्हणाला. जणू मी त्याला बसची वेळ सांगितली होती.

मी कोर्टाला लिहिलेल्या अर्जाची प्रत काढली, दोन्ही सह्या दाखवल्या, खटला पुन्हा उघडायला हाच आधार होईल म्हणाले. माझा घसा कोरडा पडला होता, शब्द नीट फुटेना. त्याच्या ते लक्षात आलं.

"थांबा, पाणी आणतो," म्हणत तो उठला. मुलगी उठायला लागली, तिला त्याने खूण करून बसवलं. फडताळातून पेला घेतला आणि बेसिनपाशी गेला. नळावर हात ठेवला. आम्ही तिघी त्याच्या पाठीकडे बघत होतो. पाठीवर सदरा ताणला गेला होता.

बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही.

"उघड गं तू," तो मुलीला म्हणाला. "मला कळलं, मी नाही ते. पण हाताला कळत नाहीये."