दाखल झालेला अर्ज

न्यायाधीशाच्या पूर्वपरीक्षेला बारा दिवस उरले होते आणि धाकटीच्या डोक्यात जामिनाचा नुसता काला झाला होता. वकीलबाईंच्या ऑफिसात ती सकाळी अर्ज टाइप करायची, दुपारी डबा खाताखाता सराव प्रश्नपत्रिका सोडवायची. बाकीचे विषय जमत होते. जामीन आला की मात्र चारही पर्याय तिला खरे वाटायचे.

त्या मंगळवारचा प्रश्न असा होता: एका इसमाने सकाळी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज केला. सुनावणी दुपारी तीनला, तोवर अटक करू नये असा अंतरिम आदेश नाही. साडेबाराला पोलिसांनी त्याला अटक केली. आता काय? धाकटीने पहिल्या पर्यायावर खूण केली: अर्ज प्रलंबित असल्याने अटक बेकायदा. मग खोडून दुसऱ्यावर केली: अर्ज आपोआप नियमित जामिनाचा समजला जाईल. उत्तर तिसरं निघालं: अटक वैध, अटकपूर्व अर्जात आता काही उरलं नाही, नियमित जामीन मागावा लागेल.

"असं कसं?" ती स्वतःशीच पुटपुटली. अर्ज कोर्टात असताना पोलीस हात लावतात कसा? तिने उत्तराखाली लाल रेघ ओढली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

संध्याकाळी ताई धाकटीच्या खोलीवर आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. भाऊजी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होते आणि ताई तिथेच काउंटरवर रिपोर्ट द्यायची. नोकरीसाठी लागणारे तंदुरुस्तीचे खोटे रिपोर्ट लॅबमधून बाहेर गेले म्हणून गुन्हा नोंदला गेला होता, आणि त्यांवर सही भाऊजींच्या नावाची होती. भाऊजी म्हणत होते की सही माझी नाहीच.

"तपास अधिकाऱ्याचा फोन आला. उद्या अकराला या, म्हणाले," ताई म्हणाली. "नुसतं बोलवलंय गं. पण ह्यांचे हातपाय गळालेत."

वकीलबाई दुसऱ्या गावी एका खटल्यात अडकल्या होत्या. फोनवर त्यांचा आवाज तुटत होता. "गुन्हा अजामीनपात्र आहे. अटक झालेली नाही ना? मग अटकपूर्वच. मसुदा पाठव, सकाळी दाखल कर. आणि अंतरिम..." पुढचं काही ऐकू आलं नाही. धाकटीने परत फोन लावला नाही. अंतरिम संरक्षणाची मागणी तर प्रत्येक अर्जात शेवटी असतेच. ती तिने टाइप केली होती. ती मागणी कोर्टासमोर उभं राहून, सुनावणीआधीच लावून धरायची असते, हे तिला सुचलंच नाही.

बुधवारी साडेदहाला तिने अर्ज दाखल केला. तारीख त्याच दिवशीची, दुपारी तीनची मिळाली. शिक्का बघून तिच्या जिवात जीव आला. तिने ताईला फोन केला. "झाला गं दाखल. आता काळजी करू नका."

वकीलबाई बारा वाजता दमून आल्या. खुर्चीवर पर्स टाकत त्यांनी विचारलं, "अंतरिम मिळालं?"

"तीनला सुनावणी आहे."

"मग तोपर्यंत ते कुठे आहेत?"

धाकटीने ताईला फोन लावला. ताई आनंदात होती. "ते गेलेत ना पोलीस ठाण्यात. शिक्क्याची प्रत खिशात घालून गेलेत. तूच म्हणालीस की काळजी नको."

वकीलबाई तशाच कोर्टाकडे धावल्या, पण तीनच्या आधी सुनावणी मिळाली नाही. दीड वाजता भाऊजींना अटक झाली.

तीन वाजता सत्र न्यायाधीशांनी अर्ज हातात घेतला आणि सरकारी वकिलांकडे पाहिलं. "अर्जदार अटकेत आहेत," सरकारी वकील म्हणाले. वकीलबाईंनी वाद घातला नाही, अर्ज मागे घेतला. सगळं दोन मिनिटांत आटपलं. बाहेर व्हरांड्यात ताई धाकटीला विचारत होती, "म्हणजे अर्ज नामंजूर झाला?"

"नाही. मागे घेतला."

"मग त्यांना सोडणार?"

"नाही."

"मग झालं काय नेमकं?"

काल याच प्रश्नाचं उत्तर धाकटीने लाल रेघेने अधोरेखित केलं होतं. "माझं चुकलं, ताई," एवढंच ती म्हणाली. ताईला तेही कळलं नाही. ती म्हणाली, "तुझं कसलं चुकतंय, तू तर अर्ज केलास ना."

दुसऱ्या दिवशी भाऊजींना दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं. आता अर्ज नियमित जामिनाचा. वकीलबाई बोलायला उठल्या. गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, अशा गुन्ह्यात आधी द्यायची असते ती हजर राहण्याची लेखी नोटीस न देता नुसता फोन केला, अशील स्वतःहून ठाण्यात गेले, रजिस्टर आणि संगणक आधीच जप्त आहेत, मग कोठडी कशाला? दंडाधिकाऱ्यांनी तपास अधिकाऱ्याला अटकेचं कारण विचारलं. तो कागद चाळत राहिला. जामीन मंजूर झाला.

ताईने डोळे पुसले. मग अटी वाचल्या गेल्या: जामीनदार द्यायचा, दर सोमवारी ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय देश सोडायचा नाही, आणि साक्षीदारांशी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संपर्क ठेवायचा नाही.

कागदपत्रं पुरी होईपर्यंत चार वाजले. भाऊजी बाहेर आले आणि ताईकडे निघाले, तेवढ्यात वकीलबाईंनी त्यांचा दंड धरला आणि ताईकडे बोट केलं.

"थांबा. साक्षीदारांच्या यादीत दुसरं नाव ह्यांचं आहे. रिपोर्ट ह्यांच्या हातून गेलेत."

व्हरांड्यात नवराबायको सहा पावलांवर समोरासमोर उभे. भाऊजींनी धाकटीला विचारलं, "मग मी घरी जायचं की नाही?"

तिला माहीत नव्हतं. दबाव आणायचा नाही अशी अट असते, ते ठाऊक होतं. पण इथे संपर्कच नको म्हटलं होतं, आणि संपर्क म्हणजे एका ताटात जेवणंही आलंच. वकीलबाई म्हणाल्या, "आज नाही. अट बदलून घ्यायचा अर्ज आत्ताच देते. उद्या ऐकतील. तोवर धाकटीकडे राहा."

भाऊजी धाकटीच्या खोलीत खाटेच्या कडेला बसले. "तिला विचार, बीपीच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत?"

धाकटीने फोन उचलला आणि खाली ठेवला. हा अप्रत्यक्ष संपर्क होतो का? गोळ्यांचा खटल्याशी संबंध नाही, पण अटीत तसं कुठे लिहिलंय? शेवटी ती बाहेर पडली आणि दुकानातून नव्या गोळ्या घेऊन आली. यावेळी तिला अंदाजावर काही करायचं नव्हतं.

गोळी घेऊन भाऊजी म्हणाले, "काल शिक्का बघून मलाही वाटलं होतं की सुटलो."

"मीच तसं सांगितलं."

"हो." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "राग आला होता. ठाण्यात फार आला होता."

धाकटीने त्यांच्यासाठी उशी काढून दिली.

शुक्रवारी दंडाधिकाऱ्यांनी अट बदलली: पत्नीसोबत राहण्यास हरकत नाही, मात्र खटल्याच्या तथ्यांबद्दल तिच्याशी चर्चा करायची नाही आणि तिच्यावर दबाव आणायचा नाही. धाकटीने आदेश तीनदा वाचला, वकीलबाईंना एकेका शब्दाचा अर्थ विचारला, मग ताईला फोन केला आणि तोच मजकूर अक्षरशः वाचून दाखवला.

संध्याकाळी तिघं ताईच्या स्वयंपाकघरात बसली. ताईने वाढलं. "लॅबमध्ये आज..." ती बोलायला लागली आणि थांबली. भाऊजींनी भाजी पुढे ओढली. "मालक काय..." तेही थांबले. मग दोघांनी धाकटीकडे पाहिलं, हे चालेल का म्हणून.

"ते नको," ती म्हणाली. "मीठ कमी आहे, तेवढं बोला."

"मीठ बरोबर आहे," ताई म्हणाली.

"कमीच आहे," भाऊजी म्हणाले, आणि त्यावरून दोघांची चांगली पाऊण तास जुंपली.