पाच विधानांची सरासरी

राजापेठेत रस्त्याकडेला बसणाऱ्या एकशे चाळीस भाजी-फुलवाल्यांना बायपासजवळच्या नव्या ओट्यांवर महापालिकेने सहा महिन्यांसाठी हलवलं होतं. जागा कायम करायची की त्यांना परत राजापेठेत बसू द्यायचं, हे त्यांच्याच उत्तरांवरून ठरणार होतं. सर्वेक्षण आमच्या छोट्याशा संस्थेला मिळालं आणि प्रश्नावली तपासायचं काम मला. संख्याशास्त्रात एमएस्सी होऊन मला चारच महिने झाले होते.

आमचे संस्थाप्रमुख शेखर सर यांच्या मसुद्यात गुण द्यायचं एकच विधान होतं : ‘रस्त्यावरच्या धोकादायक गर्दीतून सुटून मिळालेली नवी जागा स्वच्छ, पक्क्या छपराची, पाण्याची, शौचालयाची आणि धंद्याला चांगली आहे.’ त्याखाली ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच पायऱ्या, एक ते पाच गुणांच्या.

पूर्वचाचणीला मी बारा जणांकडे गेले. पहिल्या गंगूबाई. मेथीच्या जुड्या बांधत त्यांनी ते विधान दोनदा वाचायला लावलं.

“स्वच्छ हाये. छप्पर हाये. पानी हाये. पन गिऱ्हाईक कुठी हाये? मी एकच उत्तर कशाकशाचं देऊ, पोरी?”

“मावशी, मग काय लिहू?”

“नाही म्हून लिव. भाजी इकल्या जात नाही त त्या संडासाची काय आरती करू?”

शेजारचे देवराव फुलांची टोपली बाजूला सारत हसले. “आरतीले फुलं माह्याकडून घेजो. तसाही कोनी घेऊन नाही राहिलं.”

बारापैकी नऊ जणांनी ‘असहमत’ किंवा ‘पूर्ण असहमत’ सांगितलं.

मी सरांना सांगितलं, “या एका विधानात पाच प्रश्न आहेत, सर. माणूस नाही म्हणतो तेव्हा कशाला नाही म्हणतो ते कळत नाही. आणि ‘धोकादायक गर्दीतून सुटून’ हे शब्द आपण त्याच्या तोंडी घालतोय.”

सरांनी त्या नऊ उत्तरांकडे बराच वेळ पाहिलं. मग एक फाईल उघडून पाहिली, मिटली.

“अपेक्षा, बरोबर आहे तुझं. सगळं फोड. प्रत्येक गोष्टीला वेगळं विधान.”

इतक्या लवकर कुणी माझं ऐकलं नव्हतं. मी पाच विधानं केली. सूचक शब्द काढले. शेवटचं होतं : ‘इथे माझा माल पूर्वीइतकाच विकला जातो.’ सगळ्या मुलाखती मीच घेतल्या, आणि प्रत्येकाला बजावलं की एका गोष्टीचा राग दुसरीवर काढू नका. जसं आहे तसं सांगा.

त्यांनी तसंच सांगितलं. गंगूबाईंनी स्वच्छतेला पाच गुण दिले, विक्रीला एक.

एकशे चाळीस प्रश्नावल्या भरून झाल्या. स्वच्छता ४.४, छप्पर ४.६, पाणी ४.१, शौचालय ३.९, विक्री १.५. इतका स्पष्ट निकाल मी पहिल्यांदाच पाहत होते. खूश होऊन सरांकडे नेला. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला.

“तीन पूर्णांक सात. समाधान निर्देशांक.”

“सर, यांची सरासरी नाही काढता येत!”

“काऊन? लायकर्टची अशी एक ते पाच गुणांची विधानं मिळवून सरासरी काढतातच. पुस्तकात आहे.”

“सगळी विधानं एकच गोष्ट मोजत असतील तरच. विक्रीचं उत्तर बाकी चारांशी जुळतच नाही, मी तपासलंय.”

सरांनी ती फाईल माझ्यासमोर ठेवली. महापालिकेशी झालेला करार होता. ‘सर्व विधानांची सरासरी ३.५ किंवा अधिक आल्यास जागा कायम.’

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“करार मी केला, अपेक्षा. तू मागितला नाहीस.”

माझी चूक तिथेच होती. प्रश्न कसे विचारायचे ते मी पाहिलं, पण गुण कसे मोजणार हे प्रश्न करण्याआधी विचारलं नाही. काम देणाऱ्या महापालिकेला जागा कायम झालेली हवी होती, आणि सरांचं ते एकच वाईट विधान नऊ नकारांमुळे त्यांच्यावरच उलटणार होतं. माझ्या दुरुस्तीमुळे विक्रीचं वजन पाचातलं एक उरलं.

पाचही आकडे वेगवेगळे लिहून मी महापालिकेच्या कार्यालयात पत्र दिलं. तिथले बाबू म्हणाले, आकडे परिशिष्टात आहेतच, मॅडम. अहवालावर ‘प्रश्नावली रचना’ या शब्दांपुढे माझं नाव होतं.

जागा कायम झाल्यावर मी ओट्यांवर गेले. गंगूबाईंसमोर मेथी तशीच पडून होती. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

“म्हंजे पानी, संडास सगळंच खराब हाये म्हटलं असतं, त परत बसू देल्लं असतं?”

“हो.”

“आन् तुले हे ठाव नव्हतं?”

“नव्हतं, मावशी.”

देवरावांचा ओटा रिकामा होता. ते आठवड्यापासून बडनेऱ्याला कुणाच्या तरी दुकानावर मजुरीला जात होते. गंगूबाईंनी मेथीवर पाणी मारलं.

“जाय आता. पन पुढच्या येळेस कोनाले खरं सांगा म्हनू नको.”