राणीचं कव्हर

कॅरमच्या पाटावर उरल्या होत्या तीन सोंगट्या: दोन पांढऱ्या, एक काळी. राणी त्याने आत्ताच घेतली होती. या फटक्याला स्वतःची एक पांढरी पाडून कव्हर दिलं नाही, तर ती परत मधोमध येणार. गुण दाजींचे चोवीस, त्याचे एकवीस.

गॅरेज दाजींचं. ताई मागच्या खोलीत. पैज दाजींनीच गॅरेजातल्या चौघा कामगारांदेखत लावली होती: "पंचवीस कर आणि घेऊन जा बहिणीला. दारात आडवा येणार नाही. हरलास तर पुन्हा इकडे तोंड दाखवायचं नाही."

खेळ सुरू झाल्यापासून एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती, पण बोलत कोणी नव्हतं. त्याने सोंगटी पाडली आणि मग त्याची पाळी संपली, की दाजी "पाणी पिऊन येतो" म्हणत आत जायचे. आतून चपराकीचा आवाज यायचा. मगाशी तर भांडंच आपटलं, आणि दाजींच्या बोटांना रक्त होतं.

"काय मेहुणेबुवा, झोप लागली का?" दाजी पान्हा तळहातावर आपटत होते.

समोरच्या डाव्या पॉकेटच्या तोंडाशी एक पांढरी लटकली होती. हलका धक्का, की कव्हर झालंच. पण दुसरी समोरच्या पट्टीला मधोमध चिकटलेली. ती सरळ फटक्याने जाणार नव्हती. फार तर पट्टीवरून खाली आणून दाजींच्या काळीपुढे आडवी घालता आली असती. डाव लांबला असता. दाजी पाणी प्यायला गेले असते.

दुसरा मार्ग एकाच फटक्याचा. पहिलीला कडेने घासायचं, स्ट्रायकर डाव्या पट्टीवरून उलटवायचा आणि चिकटलेलीला बगलेतून ढकलत उजव्या पॉकेटात घालायची. केसभर जास्त लागलं तर पहिलीमागोमाग स्ट्रायकरही आत. मग सगळं फुकट.

"सोपी घे रे," पेंटरकाका पुटपुटले. पाटीवर गुण तेच लिहायचे.

"घेऊ दे की! मलाही तहान लागलीय," दाजी हसले.

त्याने स्ट्रायकर उजव्या टोकाला सरकवला.

पहिली पडली. स्ट्रायकर पट्टीवर आपटून वळला, दुसरीला लागला. ती पट्टीला घासत गेली, पॉकेटच्या कडेवर थबकली, आणि पडली.

पान्हा त्याच्या उजव्या हातावर आला. एकदा, मग परत. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसऱ्यांदा उचललेला हात वेल्डरने मागून पिळला. दोघांनी मिळून दाजींना फरशीवर दाबलं, तोंड ग्रीसमध्ये.

"चीटिंग केली साल्याने! सोडा मला!"

ताई दारात उभी होती. ओठ फाटलेला, हातात पिशवी. दाजींच्या पायांना वळसा घालून ती रस्त्यावर गेली. छातीशी हात धरून तो तिच्या मागे निघाला.

पेंटरकाकांनी पाटी मांडीवर घेतली. काळी उरलेली एक, राणीचे तीन. एकवीस आणि चार, पंचवीस.