आठव्या गणितावरची टिक

माझी बायको दीपमाला अकरावी-बारावीचं गणित शिकवायची. मी तोफखान्यात हवालदार होतो. बावीस वर्षं नोकरी करून सांगलीला घरी आलो तेव्हा तिच्या शिकवणीला साठ पोरं होती आणि मला दिवसभर काही काम नव्हतं. तिनंच काम दिलं. म्हणाली, "तुम्ही नकाशावर अंतर आणि दिशा मोजायचात ना? मग माझी उत्तरं आलेखावर मांडून द्या."

मी बारावी नापास. पण संमिश्र संख्या मला जमल्या, कारण त्या कागदावर दाखवता येतात. तीन अधिक चार आय म्हणजे मधल्या बिंदूपासून उजवीकडे तीन घरं, वर चार घरं, तिथं एक टिंब. मधल्या बिंदूपासून त्या टिंबाचं सरळ अंतर पाच. त्याला ती मॉड्युलस म्हणायची. कॉन्जुगेट म्हणजे तेच टिंब आडव्या रेघेच्या खाली तेवढंच उतरवायचं. तीन वजा चार आय. अंतर तेच, पाच. पोलर फॉर्ममध्ये अंतर किती आणि कोन किती एवढंच सांगायचं. आम्ही तोफेला हेच सांगायचो. फरक एवढाच की सैन्यात कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात आणि इथं उजव्या हाताच्या आडव्या रेघेपासून काट्याच्या उलट. पहिल्या दिवशी मी दहाच्या दहा कोन चुकवले. ती म्हणाली, "अहो, तुमच्या तोफेनं आपलाच तळ उडवला."

मग आमची पद्धत ठरली. ती वर्कशीट तयार करायची, उत्तरं लिहायची. मी प्रश्नातल्या संख्येचं टिंब मांडायचो, नंतर तिच्या उत्तरातला कोन आणि अंतर घेऊन दुसरं टिंब मांडायचो. दोन्ही टिंबं एकावर एक पडली की लाल पेन्सिलीनं टिक. सगळ्या टिका झाल्याशिवाय कागद घराबाहेर जात नसे. अकरा वर्षांत तिची चूक मला सापडली तीन वेळा. तिन्ही वेळा मी सांगितली आणि तिनं तिथल्या तिथं दुरुस्त केली.

गेल्या वर्षी तिच्या डोक्यात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जानेवारीत तिला घरी आणलं. शब्द हरवायचे, चमचा धरता यायचा नाही. अशात विश्वजीत भेटायला आला. तो तिचा जुना विद्यार्थी, आता विश्रामबागेतल्या एका अकॅडमीत शिकवतो. बोलता बोलता म्हणाला की उन्हाळ्यात स्कॉलरशिपची परीक्षा घ्यायची आहे. ती लगेच म्हणाली, "पेपर मी काढून देते."

दहा गणितं. पूर्वी तिला अर्धा तास लागला असता. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी कागद माझ्या हातात दिला आणि उशीला टेकून बघत बसली. मी मांडायला लागलो. सात जुळली.

आठवं होतं वजा रूट तीन वजा आय. रूट तीन म्हणजे एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांश धरायचे. म्हणजे डावीकडे पावणेदोन घरांच्या जरा अलीकडे, आणि खाली एक घर. टिंब डावीकडं खालच्या भागात पडलं. अंतर दोन. तिनं उत्तरात अंतर दोन बरोबर लिहिलं होतं आणि कोन लिहिला होता तीस अंश. तीस अंशांनी दुसरं टिंब मांडलं तर ते उजवीकडं वर गेलं. बरोबर उलट्या टोकाला. तिथं दोनशे दहा पाहिजे होते.

ही चूक नवशिक्या पोरांची. एकाला दुसऱ्यानं भागताना वजा-वजा कटतं आणि कॅल्क्युलेटर तीस दाखवतो. त्याला काय माहीत टिंब कुठल्या बाजूला आहे. प्रत्येक बॅचला ती ओरडायची, "आधी टिंब मांडा, मग कोन लिहा."

"जुळलं?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडं बघितलं. डोक्यावर टाके, एक डोळा अर्धा मिटलेला. तीन दिवसांत पहिल्यांदा चेहऱ्यावर जरा तरतरी होती.

"जुळलं," मी म्हणालो आणि टिक केली.

नवव्या-दहाव्यात काही चूक नव्हती. संध्याकाळी विश्वजीत कागद घेऊन गेला. मला वाटलं, तो बघेलच परत. त्यानंतर अठरा दिवसांनी ती गेली.

अकॅडमीनं परीक्षेला तिचं नाव दिलं. दीपमाला मॅडम स्मृती स्कॉलरशिप. पहिला येईल त्याला बारावीचं वर्षभर फी माफ. जागा एकच. जूनमध्ये निकाल लागला. वीरधवल नावाचा मुलगा पहिला, वीसपैकी वीस. चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला, कोपऱ्यात दीपमालाचा फोटो. मी रोज दूध आणायला जाताना तो बघायचो. आठवं गणित मी विसरलो नव्हतो. पण विश्वजीतनं दुरुस्त केलं असेल असं स्वतःला सांगत होतो.

रविवारी सकाळी नागसेन नावाचा माणूस घरी आला. कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करतो. सोबत त्याची मुलगी आम्रपाली. हातात आलेखाचा कागद.

"साहेब, ओळख न्हाई आपली," तो म्हणाला. "पोरगी त्या परीक्षेत दुसरी आली. एका मार्कानं. आठव्यात कोनाचा मार्क कापला. अकॅडमीत गेलो तर म्हनतात, उत्तरसूची मॅडमची हाय, मॅडम चुकत न्हाईत. म्हून तुमच्याकडं आलो."

"मी गणिताचा माणूस नाही," मी म्हणालो.

"सर म्हणाले, उत्तरसूची तुम्ही तपासलीय," आम्रपाली म्हणाली. "तुमची टिक बघितली मी."

तिनं कागद टेबलावर ठेवला. डावीकडं खाली टिंब. तिथून मधल्या बिंदूपर्यंत रेघ. कोनमापकानं मोजलेले दोनशे दहा अंश. पुढं म्हणाली, "तीस अंश घेतले तर टिंब इथं वर येतं. हे बघा. ही दोन टिंबं एक कशी?"

मला कागद बघायची गरज नव्हती. नागसेन माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याच्या नखांत तेलाचा काळा रंग होता. भिंतीवर दीपमालाचा फोटो, त्याला हार.

"मॅडम कोन वेगळ्या पद्धतीनं मोजायच्या," मी म्हणालो.

"कुठल्या?"

मी कागद तिच्याकडं परत सरकवला.

"दोनशे दहा म्हणा नाहीतर वजा दीडशे म्हणा, टिंब तेच पडतं," ती म्हणाली. "पण तीस? कुठल्या पद्धतीनं पडतं ते?"

"आमू, गप," नागसेन म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "आवं साहेब, तिचं चुकलं आसंल तर चुकलं म्हना. आमी जातो. पन खरं काय ते सांगा."

"मॅडमची उत्तरं बरोबरच असतात," मी म्हणालो.

ते उठले. आम्रपालीनं कागदाची घडी घातली नाही, तसाच हातात धरून गेली. चहा विचारायचं मला राहून गेलं.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी अकॅडमीत गेलो. मालक लालासाहेब केबिनमध्ये होते, विश्वजीत शेजारी उभा. मी सरळ सांगितलं, आठव्याचं उत्तर चूक आहे, मला जानेवारीपासून माहीत आहे.

विश्वजीतचा चेहरा उतरला. "काका, तुमची टिक होती. तुमची टिक असली की मी आजवर परत तपासलेलं नाही."

"बघायला पाहिजे होतंस."

"तुम्ही टिक करायला नको होती."

तो बरोबर बोलत होता.

लालासाहेब म्हणाले, "हवालदार, आता ह्याला इलाज काय? फ्लेक्स लागलाय. पोराच्या बापानं पेढे वाटलेत. त्या पोरीला निम्मी फी माफ करू, विषय मिटवू."

"तिला वीस आहेत. त्याला एकोणीस. जागा तिची आहे."

"मग निकाल बदलायचा तर कारण लिहावं लागंल. वीरधवलचा बाप उद्या इथं येऊन टेबल उलटं करंल. त्याला काय सांगू?"

मी कागद मागितला आणि तिथंच लिहिलं. आठव्या प्रश्नाचं उत्तर तपासताना चूक माझ्या लक्षात आली होती, तरी मी बरोबरची खूण केली. दोष तपासणाऱ्याचा आहे. खाली सही, हुद्दा.

लालासाहेबांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. "हे चालत न्हाई. तुमी आमचे कोण? मास्तर न्हाई, परीक्षक न्हाई. लोक म्हणतील, शिपायाकडनं पेपर तपासून घेतात. उत्तर कुणी लिवलं होतं?"

"तिनं."

"मग चूक तिची. तसं लिहितो. न्हाईतर निकाल हाय तसा ऱ्हाऊ दे. बोला."

मी विश्वजीतकडं बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"लिहा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. कै. दीपमाला मॅडम यांच्या आजारपणामुळे उत्तरसूचीत झालेल्या गंभीर चुकीमुळे सुधारित निकाल लावत आहोत. प्रथम, आम्रपाली. "गंभीर" हा शब्द मी सांगितलेला नव्हता. मी वाचत होतो तेव्हा मागं दोन पालक उभे होते. एक म्हणाला, "शेवटी शेवटी बाईला काय कळतच नव्हतं म्हनं." दुसरा म्हणाला, "मग आधीचं तरी बरोबर शिकवलं आसंल कशावरनं?"

नागसेन सायकल स्टँडजवळ भेटला. फॉर्म भरायला आला होता. मी त्याची माफी मागितली.

"जागा मिळाली, झालं," तो म्हणाला. "पन साहेब, त्या दिवशी घरी जाताना पोरीनं त्यो कागद फाडून टाकला. म्हनली, मलाच येत न्हाई वाटतं. दोन दिस पुस्तक उघडलं न्हाई तिनं."

त्यानं गाडीला किक मारली आणि गेला. रागानं बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आठवड्यानं विश्वजीतनं बोलावलं. टेबलावर एक खोकं होतं. दीपमालानं वर्षानुवर्षं काढलेली वर्कशीटं, अकॅडमीला वापरायला दिलेली. एकूण एकशे चौदा. प्रत्येकाच्या मागं मी मांडलेले आलेख, लाल टिका.

"काका, हे घेऊन जाता का?" तो म्हणाला. "लालासाहेब म्हणतात आता वापरायची नाहीत. पालक विचारतात."

"विश्वजीत, ही सगळी बरोबर आहेत. एकेक टिंब मांडून बघितलंय."

त्यानं खोकं माझ्याकडं सरकवलं.

"तू परत तपास," मी म्हणालो. "तुला तर येतं. वाटलं तर मी शेजारी बसत नाही."

"एकशे चौदा, काका. वेळ कुणाला आहे? नवीन संच विकत मागवलाय."

मी खोकं उचललं. जड होतं. त्यानं जिन्यापर्यंत हात लावला, मग त्याच्या तासाची घंटा झाली आणि तो वर गेला.