अठ्ठेचाळीस फ्रेम

“पहिल्यांदा बघितलं तेव्हा मजा आली. आता परत बघितलं तर कळतंय, तुम्ही फसवलंत मला,” मावशी म्हणाल्या आणि फडकं खांद्यावर टाकून उठल्या.

मावशी आमच्या स्टुडिओची झाडलोट करतात. त्या दिवशी साहेबांनी त्यांना मुद्दाम पडद्यासमोर बसवलं होतं. नव्वद सेकंदांची आमची फिल्म, अजून कच्चीच: पेन्सिलची चित्रं एकामागून एक लावलेली आणि वर साहेबांनी तोंडाने काढलेले पावलांचे आवाज. स्पर्धेचा नियम नव्वद सेकंदांचा, त्यावर एक फ्रेमसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत लांबी कायम करायची आणि उद्यापासून पक्की चित्रं सुरू.

गोष्ट बाईंची. बाई म्हणजे आमच्या टाइमिंगच्या बाई. कोणतं चित्र किती फ्रेम दिसणार, पापणी कधी मिटणार, हे उभ्या तक्त्यावर भरायचं काम त्या चोवीस वर्षं करत होत्या. दुसऱ्यांच्या गोष्टी त्यांनी एका फ्रेमला एक घर, सेकंदाला चोवीस घरं अशा मापाने मोजल्या. या वेळी साहेबांनी सगळ्यांकडून कल्पना मागवल्या, आणि ज्यांच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती त्यांचाच कागद वर आला. मी इथला पार्श्वचित्रकार, माझी कल्पना टोपलीत गेली. पण ती गोष्ट वाचून मला राग धरताच आला नाही.

गोष्ट अशी. आजी नातीची वेणी घालते, पेन्सिलीला टोक काढते, पिशवी उचलते. दोघी हात धरून निघतात. वाटेत तीनदा थांबतात. शाळेच्या फाटकाशी नात आजीला घट्ट मिठी मारते. घंटा होते, हात सुटतात, एक पाठमोरी आत जाते. आणि मग वर्ग दिसतो: बाकांवर सगळी पांढरी डोकी, त्यांत आजी. शाळेत जायची होती ती आजी. नात तिला सोडायला आली होती.

“आमची आई अडुसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकली,” बाईंनी मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. “आता दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्याने वाचते, लाज आणते मेली.” आमच्याकडे पडद्यावर फक्त कथाकाराचं नाव येतं, बाकी आम्ही सगळे स्पर्धेच्या फॉर्मवर. म्हणजे शेवटी दोन सेकंद बाईंचं नाव येणार होतं आणि आई ते वाचणार होती. तो आठवडाभर बाई इतक्या उड्या मारत होत्या की त्यांचा चष्मा रोज नव्या जागी सापडायचा.

“कुठे फसवलं, मावशी?” बाईंनी विचारलं.

“पोरीला गणवेश घातलाय ना. तिची शाळाच नाही आज, मग गणवेश कशाला? रस्त्यात बाकीची पोरं घरच्या कपड्यांत खेळतायत.”

आम्ही सगळे साहेबांकडे पाहायला लागलो. गणवेश ही त्यांची भर. त्याशिवाय लोक ओळखतील, असं त्यांचं म्हणणं.

“हीच तर खोट आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला, तो आनंदाने. “रस्त्यावरची पोरं खरी आहेत. सुट्टी आहे म्हणूनच शाळा मोठ्यांसाठी मोकळी आहे. ते आपण समोर ठेवलंय, आणि गणवेश खोटा. आपण काही लपवायचं नाही, साहेब. बघणाऱ्यानेच चुकीचं समजायचं. वेणी आजी रोज घालते, ते खरं. पेन्सिल आजीची, ते खरं. आजी वाटेत थांबते, लोकांना वाटतं गुडघे. खरं तर तिला भीती वाटते. दुसऱ्यांदा बघताना प्रत्येक गोष्टीला तिचं स्वतःचं कारण सापडलं पाहिजे.”

“आणि पिशवी?” मी विचारलं. “सुरुवातीपासून आजीच्याच खांद्यावर आहे. पहिल्या झटक्यात कळेल.”

“नाही कळणार. पिशवी मधोमध दिसते तेव्हा पोरगी डबक्यावरून उडी मारते. डोळा हलत्या गोष्टीकडे जातो. पिशवी उघड्यावर असते आणि कोणी बघत नाही.”

साहेब हट्टी खरे, पण चांगलं दिसलं की हट्ट सोडतात. “काढा गणवेश,” एवढंच म्हणाले.

मग आमची धावपळ उडाली. चित्रकारांनी अकरा चित्रांतला गणवेश पुसून साधा फ्रॉक काढला. मी रस्त्यावरची पोरं किंचित मागे नेली, म्हणजे दिसतील पण खुपणार नाहीत. बाई तक्ता घेऊन माझ्या मागे उभ्या, “अजून जरा डावीकडे” करत. त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे सुईच्या नाकातून दोर ओवणं, पण त्या दिवशी मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

मावशींना आता गोष्ट माहीत झाली होती, त्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता. चार वाजता शेजारच्या छापखान्यातून दोन कामगार बोलावले, एक म्हातारा आणि एक तरुण. फिल्म लावली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पडदा सोडून त्या दोघांचे चेहरे बघत होत्या.

कोणीही ओळखलं नाही. मी टेबलाखाली मूठ आवळली. पण वर्ग आला, गेला, बाईंचं नाव आलं आणि अंधार झाला, तेव्हा म्हातारा म्हणाला, “म्हणजे... थांबा. आजी बसली होय बाकावर?”

“हां, आत्ता कळलं,” तरुण म्हणाला. “परत लावा.”

दुसऱ्यांदा दोघं हसत सुटले. “अरे, पिशवी बघ, पिशवी! पहिल्यापासून तिच्याकडेच आहे!” म्हातारा तरुणाला कोपराने ढोसत होता. ते गेल्यावर साहेबांनी टाळी वाजवली. “जिंकलं. कायम करू.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “कळलं तेव्हा चित्र संपलं होतं. धक्का बसायच्या जागी अंधार होता. आजीचा चेहरा अजून दोन सेकंद हवा.”

“दोन सेकंद आणायचे कुठून? फाटकाची मिठी कापू?”

“मिठी कापली तर शेवट उपरा वाटेल. थांबणं तीनच वेळा आहे, त्यातलं एक काढलं तर भीती दिसत नाही.” त्या तक्त्यावरून बोट खाली नेत होत्या. बोट शेवटच्या अठ्ठेचाळीस घरांवर थांबलं. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: कथा, आणि पुढे त्यांचं नाव.

अठ्ठेचाळीस घरं म्हणजे बरोबर दोन सेकंद.

“शीर्षकाखाली बारीक घालू,” साहेब घाईने म्हणाले.

“शीर्षक पेन्सिलीच्या चित्रावर आहे. अजून अक्षरं आली तर लोक ती वाचतील, पेन्सिल बघणार नाहीत. मग खूण ठेवून काय उपयोग?”

“मग शेवटी आजीच्या चेहऱ्यावरच घालू,” मी म्हणालो.

“चेहरा बघायला दोन सेकंद मागतेय मी. त्यावर नाव घालून ते परत कसे घेऊ?” बाई हसल्या. मग खोडरबर घेतलं आणि अठ्ठेचाळीस घरं पुसली. पुसताना कागद फाटू नये म्हणून त्याला दुसऱ्या हाताने दाबून धरलं होतं. त्या घरांतून एक लांब रेघ ओढून त्यांनी लिहिलं: आजी, तसाच चेहरा.

फिल्म परत लावली. आजी बाकावर बसली. दोन सेकंद फक्त तिचा चेहरा होता, घाबरलेला आणि खूश. मावशी दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, तरी त्यांनी डोळे पुसले.

बाईंनी घरी फोन लावला. “आई, झालं गं. नाही, नाव नाही आलं. बसलं नाही.” पलीकडून काहीतरी लांबलचक ऐकू येत होतं. बाई ऐकत राहिल्या आणि मोकळ्या हाताने तक्त्यावरचा रबराचा चुरा टेबलाच्या कडेशी गोळा करत राहिल्या. “अगं, ऐक तरी,” त्या मध्येच म्हणाल्या. “बाकावरची म्हातारी आता नीट दिसते.”