लग्नाआधीपासून

विमा कंपनीचं पत्र नवीननं टेबलावर टाकलं आणि पंख्याकडे बघत बसला. चारुलतानं ते उचलून वाचलं. क्लेम नामंजूर. कारण, डिस्चार्ज समरीनुसार रुग्णाला ‘लग्नाआधीपासून’ मानसिक आजार होता आणि पॉलिसी घेताना तो लपवला.

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“मी कधी लपवलं? अर्ज तुम्ही भरलात, लग्नानंतर. तेव्हा मला काय झालं होतं?”

“आता झालं ते झालं,” नवीन म्हणाला. “बाबांशी बोल तुझ्या. आई म्हणते, त्यांनीच भरावं बिल. शेवटी त्यांच्याच घरून...”

“घरून काय?”

तो पुन्हा पंख्याकडे बघू लागला. म्हणजे धरणगावला, तिच्या माहेरी, फोन गेला होता. आजारी पोर आमच्या गळ्यात बांधली, असं बाबांना ऐकवून झालं होतं. आणि बाबांनी लेकीला कळू दिलं नव्हतं.

आजारपणाच्या त्या दिवसांतलं चारुलताला फारसं आठवत नव्हतं. झोप नाही, अन्न नाही, आणि भिंतीतून कोणी सारखं म्हणतंय की तू लेकराला मारशील. म्हणून ती दीड वर्षाच्या लेकीला हातही लावत नव्हती. जळगावच्या दवाखान्यात तिला भरती केलं, तेव्हा नवीन पैसे भरायला काउंटरवर उभा होता. डॉक्टरांना सगळी हकिकत सांगायला आत बसल्या होत्या कुंदाबाई. तिची सासू.

“चला,” ती म्हणाली. “आत्ता. आईंनाही घ्या.”

“अगं, आईला कशाला त्रास? जाऊ दे तो क्लेम.”

“क्लेम गेला तर जाईल. कागदावरचा तो शब्द नाही राहू द्यायची मी.”

दवाखान्यात डॉक्टर कामिनी मॅडमनी आधी केस पेपर काढला, मग पत्र वाचलं.

“मानसिक आजार म्हणून त्यांनी नाकारलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “शरीराच्या आजारासारखंच यालाही संरक्षण द्यावं लागतं, कायदाच आहे तसा. त्यांनी बोट ठेवलंय आजार लपवण्यावर. आणि ही ओळ आमच्याच भरतीच्या कागदातून समरीत गेली आहे. माहिती देणारी व्यक्ती, सासू, असं लिहिलंय.”

“मग खोडा ती,” नवीन म्हणाला.

“मूळ नोंद खोडत नसतात. खोडली, तर ती आधी संशयात येते. ती चुकीची असेल तर खाली आजच्या तारखेची वेगळी नोंद करता येते, कोणी काय सांगितलं त्यासकट.” मॅडम वळल्या. “अक्का, हिला लग्नाआधी कोणत्या डॉक्टरकडे नेलं होतं?”

कुंदाबाईंनी पदर सारखा केला. “मले काय माहीत, बाप्पा? ते तिच्या मायबापाले इचारा.”

“गोळ्या चालू होत्या?”

“लपवून खात असन.”

“तुम्ही पाहिल्या?”

“नाही.”

“लग्नाआधी हिला किती वेळा भेटलात?”

“पाहाले गेलो तव्हा. पोहे केल्ते. मीठ जास्त व्हतं.”

“मीठ जास्त पडणं हे लक्षण नाही, अक्का,” मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू आलं होतं. चारुलताला आलं नाही.

“आई, माझ्याकडे बघून सांगा,” ती म्हणाली. “का सांगितलंत तसं?”

“मंग काय सांगू?” कुंदाबाई उसळल्या. “आमच्या घरात येऊन झालं, असं? लोकं म्हनतीन सासूनं छळलं, सासूनं येडी केली! धा घरं तोंडावर बोलतीन माह्या!”

“म्हणून माझ्या बाबांवर ढकललंत?”

“तव्हा तू कुठी शुद्धीवर होती? कोनाले कळनार व्हतं?”

नवीन भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

“हेच लिहा, मॅडम,” चारुलता म्हणाली. तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. “माझ्या गरोदरपणाची सगळी फाइल आणली आहे. गावच्या डॉक्टरांचे जुने कागदही. कुठे मनाच्या आजाराचं एक अक्षर असेल तर दाखवा.”

मॅडमनी एकेक पान पाहिलं. मग नवीनला, चारुलताला वेगळं विचारून नोंद केली. पहिलाच झटका. आधी मानसोपचार घेतल्याचा पुरावा नाही. माहिती देणाऱ्या नातेवाइकानं आधीचं विधान मागं घेतलं. खाली कुंदाबाईंनी सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटायला आला.

“याचं प्रमाणपत्र, केस पेपरची प्रत आणि जुने कागद जोडून फेरविचाराचा अर्ज करा,” मॅडम म्हणाल्या. “कंपनीनं तरीही ऐकलं नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. मान्य होईलच, असं मी सांगणार नाही.”

बाहेर आल्यावर नवीननं रिक्षा थांबवली. “झालं समाधान?”

“नाही. फोन लावा बाबांना.”

“आता? इथं, रस्त्यात?”

“तुम्ही त्यांना जे ऐकवलंत, ते चूक होतं म्हणा. स्पीकरवर. आईंच्या समोर.”

“चारू, घरी गेल्यावर...”

“घरी मी त्यानंतर येईन.”

कुंदाबाई रिक्षात तोंड फिरवून बसल्या. नवीननं इकडेतिकडे पाहिलं, मग खिशातून मोबाइल काढला. धरणगावची रिंग वाजू लागली. पलीकडून बाबा “हॅलो” म्हणाले, नेहमीसारखं घाबरत. चारुलता हाताची घडी घालून नवीनच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.