घरात ठेवलेला तडजोडनामा

यंत्र विकणारा माणूस आपल्या धाकट्या बहिणीचा थोरला दीर आहे, हे ताईने तक्रारीत कुठेच लिहिलं नव्हतं. अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. विक्रेत्याचं नाव, पत्ता, पावती, वस्तूतला दोष, मागणी. एवढंच विचारलं होतं, आणि ताईने विचारलं तेवढंच लिहिलं.

वस्तू म्हणजे लाँड्रीतलं मोठं धुलाई यंत्र. नवरा गेल्यावर ताईने रस्त्यावरच्या गाळ्यात लाँड्री टाकली, वरच्या एका खोलीत स्वतःचं बिऱ्हाड केलं आणि इस्पितळाच्या चादरींचं काम मिळवलं. त्या कामासाठीच यंत्र घेतलं, आणि ते थोरल्यांच्या दुकानातून घेतलं, कारण घरचं माणूस फसवणार नाही. थोरल्यांनी फसवलं असं ताई अजूनही म्हणत नाही. पण यंत्राच्या ड्रमला आतून एक सांधा होता आणि त्याची कड वर आलेली होती. चादर फिरता फिरता तिथे अडकायची आणि बाहेर यायची तेव्हा तिला बोटभर तोंड फुटलेलं असायचं. थोरल्यांचा मिस्त्री येऊन कड घासून गेला. मग पुन्हा येऊन काहीतरी चिकटवून गेला. ते चिकटवलेलं चादरींनाच लागून निघालं.

इस्पितळाची मेट्रन बोलायला फटकळ. "ताई, आम्ही पेशंटला चादर घालतो, मासे नाही पकडत," असं म्हणून तिने फाटक्या चादरींचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. "यंत्र बदला, नाहीतर मी लाँड्री बदलते."

थोरले 'बघू' म्हणत राहिले. शेवटी ताई ग्राहक आयोगात गेली. वकील केला नाही. स्वतःच अर्ज केला, स्वतःच उभी राहिली. थोरल्यांच्या वकिलाने लेखी उत्तर दिलं की यंत्र धंद्यासाठी घेतलेलं आहे, ही बाई ग्राहकच नाही. त्यावर ताईने शपथपत्र दिलं की लाँड्री मी एकटी चालवते, पोट त्यावरच आहे. आयोगाने तज्ज्ञाचा अहवाल मागवला, आणि दोष मुळातलाच आहे असा अहवाल आला. इथपर्यंत सगळं ताईच्या बाजूने होतं.

फक्त धाकटी त्या घरात होती. खाली दुकान, वर घर. आयोगाची नोटीस दुकानात आली आणि दुपारच्या जेवणाआधी वर पोचली. त्या दिवसापासून सासूबाई धाकटीशी भिंतीला सांगावं तसं बोलायला लागल्या. जाऊबाई तिच्यादेखत फोनवर कोणाला तरी म्हणायच्या, "हो ना, आमच्यावर आमच्याच लोकांनी केस टाकलीय." धाकटीचा नवरा मोठ्या भावाच्याच दुकानात हिशेब बघायचा, त्याने तोंड शिवून घेतलं.

पुढच्या तारखेला थोरले वकिलाशिवाय आले. बरोबर धाकटीला घेऊन आले.

आयोगाच्या बाहेरच्या बाकावर ते ताईच्या शेजारी बसले. "ताई, मिटवून टाकू. नवीन यंत्र देतो. जुनं माझ्या खर्चाने उचलतो, नवीन बसवून देतो, चालवून दाखवतो. महिनाभरात. अजून काय पाहिजे?"

ताईला अजून काहीच नको होतं. तिने मागितलं होतं तेच हे होतं.

ती आत जाऊन कारकून बाईंना विचारून आली. कारकून बाई फायलींच्या ढिगाआडून न बघताच बोलल्या, "तडजोड झाली असेल तर अटी लिहा. काय देणार, कधी देणार, नाही दिलं तर काय. दोघांच्या सह्या करून दाखल करा. आयोग त्याप्रमाणे आदेश करेल. मग त्याने नाही पाळलं तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो."

"आणि नुसती मागे घेतली तर?"

"तर मागे घेतली. संपलं."

ताईने बाकावर बसून अटी लिहिल्या. महिन्याच्या आत त्याच क्षमतेचं नवीन, न वापरलेलं यंत्र. ने-आण आणि बसवण्याचा खर्च विक्रेत्याचा. बसवल्यावर ताईसमोर भरलेल्या ड्रमने चालवून दाखवायचं. वॉरंटी नव्या तारखेपासून. हे न झाल्यास पूर्ण किंमत व्याजासह परत. अक्षर चांगलं होतं, खाडाखोड नव्हती. थोरल्यांनी सगळं वाचलं, मान हलवली आणि खिशातून पेन काढलं. मग थांबले.

"सही करतो. सगळं कबूल. पण हे आत द्यायला नको."

"का?"

"आयोगाचा आदेश माझ्या नावावर निघाला की कंपनी एजन्सी काढून घेते. तसं करारातच आहे. दुकान बंद पडलं तर तुमचं यंत्र कुठून देऊ? हा कागद आपल्या आपल्यात ठेवू. आत फक्त सांगा, मागे घेते म्हणून."

"मग कागदाला काय अर्थ?"

"म्हणजे? सही माझीच आहे ना? की आता सहीवरपण विश्वास नाही?" थोरले दुखावल्यासारखे हसले. "ताई, आपण काय रस्त्यावर भेटलेली माणसं आहोत?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"तू काय म्हणतेस?" ताईने विचारलं.

"मी काय म्हणणार," धाकटी म्हणाली. मग हळूच, "मिटलं तर बरं होईल गं, ताई."

दोघांनी सह्या केल्या. कागद एकच होता. कोणाकडे ठेवायचा यावर थोडं अडलं. थोरल्यांनीच तोड काढली. "हिच्याकडे ठेवू. तुमची बहीण, आमची सून. दोन्हीकडचं माणूस." हे ऐकायला इतकं चांगलं वाटलं की ताईने दुसरी प्रत लिहिलीच नाही. फोनवर फोटो तेवढा काढला. ज्या बाईने प्रत्येक फाटक्या चादरीचा पुरावा तारखेसह जपला, ती बाई त्या दिवशी कागद बहिणीच्या पर्समध्ये घालून मोकळी झाली.

पुकारा झाला. ताई उभी राहिली. अध्यक्षबाईंनी फाइल चाळली, चष्म्यावरून पाहिलं.

"तडजोड झाली का?"

"हो."

"अटी दाखल करायच्या आहेत?"

ताईच्या मागे धाकटी बसली होती. ताईला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"नाही. मी तक्रार मागे घेते."

"स्वखुशीने? कोणाचा दबाव नाही ना?"

"नाही."

"पुन्हा दाखल करण्याची मुभा मागताय?"

ताईने थोरल्यांकडे पाहिलं. आता मुभा मागणं म्हणजे आत्ताच सही केलेल्या माणसाच्या तोंडावर थुंकणं. "नको," ती म्हणाली.

कारकून बाईंनी माघारीच्या अर्जावर सही घेतली. तक्रारदाराने स्वखुशीने तक्रार मागे घेतल्याने निकाली, असा आदेश झाला. सगळ्याला मिळून चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. चहा थोरल्यांनी पाजला.

महिना गेला. ताईने मेट्रनला थांबवून ठेवलं, चादरी हातांनी धुतल्या, कोपर सुजवून घेतलं. यंत्र आलं नाही. ती दुकानात गेली.

थोरले तिला टाळून आत पळाले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. त्यांनी खुर्ची दिली आणि फोनमधला कंपनीचा निरोप दाखवला.

"मी मागणी केली, ताई. आईशप्पथ. आधी त्यांचा माणूस म्हणत होता, केस मिटवा, बदलून देऊ. आता नवा माणूस आलाय. तो म्हणतो, तक्रार कुठे आहे? ती तर मागे घेतली. म्हणजे ग्राहकाचं काही म्हणणं नाही. मग बदली कशाची?"

"तज्ज्ञाचा अहवाल आहे."

"दिला. म्हणतो, बंद फाइलमधला कागद."

"मग तुमच्याजवळचं द्या. सही तुमची आहे, कंपनीची नाही."

थोरल्यांनी दुकानभर नजर फिरवली. दोन यंत्रं होती, दोन्ही घरगुती. "कुठून देऊ? बघताय ना. आणि रोख एवढी कुठून आणू?" ते खरंच बोलत होते. खोटं बोलले असते तर तिला भांडता आलं असतं.

ती आयोगात गेली. कारकून बाईंना तिचा चेहरा लक्षात होता.

"अटी दाखल केल्या असत्या तर आज अंमलबजावणीचा अर्ज घेतला असता," त्या म्हणाल्या. "आता आमच्याकडे अंमलात आणायला आदेशच नाही. पुन्हा तक्रार द्याल तर पहिला प्रश्न येईल, मागे का घेतली आणि मुभा का नाही मागितली. घेतील, नाही घेतील, मी सांगू शकत नाही. सही केलेला कागद आहे ना? तो तुमच्या दोघांमधला करार. त्यावर दिवाणी दावा लावता येईल. वकिलाला विचारा." त्यांनी फोनवरचा फोटो पाहिला. "हा दाखवायला ठीक. पण समोरच्याने सही नाकारली तर मूळ कागद लागेल. मूळ कुठे आहे?"

"आहे," ताई म्हणाली. "घरात."

मेट्रनचा निरोप त्याच संध्याकाळी आला. चांगल्या शब्दांत होता. पुढच्या आठवड्यापासून चादरी दुसरीकडे जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी ताई धाकटीच्या घरी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेली. सासूबाईंनी दार उघडलं, "या हो, या," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात वळून मोठ्याने सांगितलं, "तुझी ताई आलीय. खूप दिवसांनी." जाऊबाईंनी पाणी आणलं. सगळ्या बोलत होत्या. धाकटीशीसुद्धा बोलत होत्या, आणि धाकटी उत्तर देताना हसत होती. तिच्या गालावर जरा मांस चढलं होतं.

धाकटीने तिला खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"कागद पाहिजे," ताई म्हणाली. "वकिलाला दाखवायचाय."

धाकटीने कपाट उघडलं, साड्यांच्या खालच्या वर्तमानपत्राखालून कागद काढला. घडी जशीच्या तशी होती. तिने तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

"घेऊन जा, ताई. तुझाच आहे. मी अडवणार नाही." तिचा आवाज स्वच्छ होता, हे वाक्य तिने आधीच ठरवून ठेवलं असावं. "पण मग मलापण बरोबर घेऊन जा. कागद गेलेला कळल्यावर मी इथे नाही राहू शकत."

ताईला गाळ्यावरची खोली दिसली. एक पलंग, कोपऱ्यात बादल्या, खाली बंद ठेवलेलं यंत्र, आणि पुढच्या आठवड्यापासून रिकामं काउंटर. त्यात धाकटीला कुठे ठेवायचं आणि काय घालायचं, याचा विचार तिने प्रामाणिकपणे केला. तो कुठेच पोचला नाही.

बाहेरून जाऊबाईंनी हाक मारली, "अगं, ताईंना साखर किती?"

"एक चमचा," धाकटी दाराकडे बघत म्हणाली. कागद अजून पुढेच धरलेला होता.

ताईने तो घेतला. उलगडला. आपलंच अक्षर एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. सगळं बरोबर होतं. कुठे एक अट राहिली नव्हती, कुठे खाडाखोड नव्हती. खाली दोन सह्या होत्या, एक थोरल्यांची, एक तिची.

मग तिने तो पहिल्याच घडीवर दुमडला, साड्या उचलल्या आणि वर्तमानपत्राखाली परत ठेवला.

"इथेच राहू दे," ती म्हणाली. "नीट ठेव. वाळवी लागू देऊ नकोस."

धाकटीने कपाट लावलं. दोघी बाहेर चहाला गेल्या.